प्रतिपक्षाच्या शब्दाला धरून

25 नोव्हेंबर 1949. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तराच्या भाषणाला उभे राहिले, तेव्हा संविधान मंजूर करावे हा त्यांचा प्रस्ताव सभेपुढे येऊन आठ दिवस झाले होते. त्या आठ दिवसांत सदस्यांनी स्तुती केली, कुरकुर केली, काहींनी चांगले वाभाडेही काढले. आता चर्चेला उत्तर द्यायचे होते. हे भाषण आज आठवले जाते ते त्याच्या उत्तरार्धासाठी, म्हणजे राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातल्या विसंगतीबद्दल बाबासाहेबांनी दिलेल्या इशाऱ्यासाठी. त्याचा पूर्वार्ध मात्र वादविवाद स्पर्धेत उतरणाऱ्या कुठल्याही मुलाने वहीत उतरवून घ्यावा असा आहे. खंडन कसे करावे, याचा तो नमुनाच आहे.

खंडनाची अडचण अशी, की ते आधी लिहून ठेवता येत नाही आणि आयत्या वेळी सुचतही नाही. बाजू मांडायचे भाषण घरी बसून घोटता येते. खंडनाचा अर्धा मजकूर प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून यायचा असतो. तरीही मुरलेले वक्ते त्याची तालीम करतातच. प्रश्न एवढाच, की तालीम नेमकी कशाची करायची?

संविधान सभेवरचा सगळ्यात लोकप्रिय आक्षेप वेळेचा होता: काम रेंगाळले, लोकांचा पैसा वाया गेला. रोम जळत असताना फिडल वाजवणाऱ्या नीरोची उपमाही देऊन झाली होती. हा आक्षेप येणार हे उघड होते, म्हणून त्याला लागणारे आकडे बाबासाहेबांच्या हाताशी तयार होते. सभेला लागला होता 2 वर्षे, 11 महिने आणि 17 दिवसांचा काळ. अमेरिकेची घटना 1787 साली चार महिन्यांच्या आत तयार झाली, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष लागले, कॅनडाला 2 वर्षे 5 महिने, ऑस्ट्रेलियाला 9 वर्षे. यातले पहिले दोन आकडे त्यांच्या विरोधात जाणारे होते. ते त्यांनी झाकले नाहीत. अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला हे त्यांनी आधी कबूल केले आणि मग तुलनेचे मापच बदलले. अमेरिकेच्या घटनेत कलमे 7, आपल्या संविधानात 395. शिवाय त्या देशांत मसुदे मांडले तसे मंजूर झाले. इथे सभेला 2,473 दुरुस्त्या हाताळाव्या लागल्या. आक्षेप काळाचा होता, उत्तर कामाच्या व्यापाचे आले.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी आरोप प्रतिपक्षाच्याच शब्दांत, सौम्य न करता सांगितला. मग त्यातले खरे मान्य केले. मग तो कोणत्या मोजपट्टीवर उभा आहे ते दाखवून ती मोजपट्टी तोकडी ठरवली. स्पर्धेतली मुले घाईत पहिल्या दोन पायऱ्या गाळतात आणि थेट ‘हे साफ चूक आहे’वर येतात. परीक्षकाला मुळात काय चूक आहे तेच कळत नाही.

हे झाले अपेक्षित आक्षेपाचे. नझिरुद्दीन अहमद यांचा मासला वेगळा. पश्चिम बंगालचे हे सदस्य दुरुस्त्यांचा पाऊस पाडण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांनी ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ म्हटले, म्हणजे वाऱ्यावर भरकटणारी समिती. असल्या कोटीची तयारी कोण करून ठेवणार? इथे शब्द हातात आल्यावरच उत्तर घडवावे लागते. बाबासाहेबांनी आधी एक चिमटा काढला: अहमद यांना आपली प्रतिभा समितीतल्या सगळ्यांहून मोठी वाटते, त्या दाव्याला समिती आव्हान देऊ इच्छित नाही. हा चिमटा मजेदार असला तरी ते खंडन नव्हे. खंडन त्यानंतर आले. भरकटण्याचे दोन प्रकार असतात, ताबा सुटलेले आणि ताबा ठेवून केलेले, असा भेद त्यांनी केला. समिती ओळखीच्या पाण्यात हव्या त्या माशाचा शोध घेत होती; अधिक चांगल्याचा शोध म्हणजे भरकटणे नव्हे. आणि शेवटी, आपणच मांडलेली दुरुस्ती सदोष वाटल्यावर ती मागे घेण्याची हिंमत समितीने दाखवली नसती तर तेच कर्तव्यच्युती ठरले असते, असे सांगून त्यांनी तो टोमणा प्रशस्ती म्हणून स्वीकारला. अहमद यांच्या शब्दाला धरूनच उत्तर गेले. पण त्यातला मुद्दा, मसुदा वारंवार का बदलला, तो तयारीचाच होता. नवे होते ते फक्त त्याचे दार.

तिसरा आक्षेप केंद्राच्या वर्चस्वाचा. इथे त्यांनी एका तक्रारीचे दोन तुकडे केले. राज्यांच्या नगरपालिका झाल्या, हा पहिला. तो अतिशयोक्त आणि गैरसमजावर उभा आहे, कारण केंद्र आणि राज्य यांच्यातली सत्तेची वाटणी केंद्राने केलेल्या कायद्याने नव्हे, तर खुद्द संविधानाने केली आहे. राज्यांना बाजूला सारण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे, हा दुसरा. हा आरोप मान्यच करावा लागेल, असे त्यांनी म्हटले आणि मग हे अधिकार नेहमीच्या कारभारासाठी नसून आणीबाणीपुरते असल्याचे सांगितले. संघराज्याचा हा विषय त्यांनी वर्षभर आधी, 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडतानाही सविस्तर मांडला होता. म्हणजे तालीम झाली होती, पण वाक्यांची नव्हे, भेदांची.

वाक्यांची तालीम केली की काय होते, ते 6 फेब्रुवारी 2016 रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या रिपब्लिकन उमेदवारांच्या जाहीर वादात दिसले. सिनेटर मार्को रुबियो यांच्यावर न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी अनुभव कमी असल्याची टीका केली. ओबामांना आपण काय करतो ते कळत नाही, हा भ्रम आहे, असे एक पाठ केलेले वाक्य रुबियो यांच्याकडे होते. ते त्यांनी म्हटले. हे पंचवीस सेकंदांचे पाठ भाषण आहे, असे क्रिस्टी म्हणाले, तर रुबियो यांनी जवळजवळ तेच वाक्य पुन्हा ऐकवले. आता आरोप होता पाठांतराचा आणि उत्तर आले पाठांतराचे. तीन दिवसांनी झालेल्या मतदानात रुबियो पाचव्या क्रमांकावर गेले. क्रिस्टी स्वतः सहावे आले आणि शर्यतीतून बाहेर पडले, म्हणजे धारदार खंडनही दर वेळी मते मिळवतेच असे नाही.

सरावाची रीत यातूनच निघते. प्रतिपक्षाचे चार-पाच संभाव्य मुद्दे काढायचे आणि प्रत्येकासमोर एक पुरावा, एक भेद आणि आपल्याला मान्य करावी लागणारी एक गोष्ट, एवढेच चिठ्ठीवर लिहायचे. पूर्ण वाक्य लिहायचे नाही. मग मित्राला तोच आक्षेप तीन वेगवेगळ्या शब्दांत फेकायला सांगायचे: एकदा सभ्यपणे, एकदा टोमणा मारून, एकदा आकड्यांसह. तिन्ही वेळी तोंडून तेच वाक्य निघाले, तर तयारी अजून कच्ची आहे. प्रत्यक्ष स्पर्धेत कागदाच्या डावीकडे प्रतिस्पर्ध्याचे शब्द जसेच्या तसे टिपायचे आणि उजवीकडे फक्त चिठ्ठीचा क्रमांक. वेळ कमी असतो, म्हणून सगळ्या मुद्द्यांना उत्तर देण्यापेक्षा ज्यांवर समोरच्याचा डोलारा उभा आहे असे दोन निवडलेले बरे.

समारोपाच्या उत्तरात नवा मुद्दा आणायचा नाही, असा नियम बऱ्याच वादविवाद स्पर्धांत असतो, कारण त्याला प्रत्युत्तर द्यायची संधी समोरच्याला उरलेली नसते. हा नियम लावला असता, तर बाबासाहेबांच्या त्या भाषणाचा सर्वांत गाजलेला भाग परीक्षकांना बाद करावा लागला असता.