आमचा मोती

आमचा मोती गेला. साधा गावठी कुत्रा, पण भरपूर जगला, म्हणून रडगाणं नाही. दुधाच्या पिशवीला कात्री लागली की गच्चीवरून धावत यायचा. हाक मारली तर मात्र सवडीनं.

शेवटी शेवटी तो पाण्याचं भांडं सारखं रिकामं करू लागला. उन्हाळा आहे म्हणून बरेच जण हे सोडून देतात. पण म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी थकली की लघवी दाट होत नाही, शरीरातलं पाणी निघून जातं आणि तहान वाढते. पुढे भूक मरते, तोंडाला उग्र वास येतो. रक्त-लघवी तपासून डॉक्टरांनी तेच सांगितलं. हे दुखणं बरं होत नाही, सांभाळता येतं.

डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे बाबा त्याच्या पाठीची सैल कातडी चिमटीत धरून सलाईन द्यायचे. कातडीखाली फुगा यायचा, काही तासांत जिरायचा. मोती तेवढा वेळ निमूट पडून राहायचा. कुरकुर बाबांचीच जास्त. त्यातून त्याचे आणखी काही चांगले महिने मिळाले, त्याबद्दल डॉक्टरांचे आणि त्याचेही आभार.

त्याचं उरलेलं पथ्याचं खाणं आम्ही दवाखान्यात देऊन आलो.