पान कितीला?

केटररचा फोन वाजला की पलीकडून पहिला प्रश्न बहुधा एकच येतो, ‘पान कितीला बसेल?’ गडबडीत उचललेल्या फोनवर उत्तरही ठरलेलं असतं, ‘साडेतीनशेपासून पुढे.’ पलीकडून ‘बरं, कळवतो’ येतं आणि फोन ठेवला जातो. असे पाच जणांचे पाच आकडे एका कागदावर उतरतात आणि त्यातला सर्वांत लहान आकडा जिंकतो. मसालेभात कोणाचा चांगला आणि वाढपी कोणाचे हसतमुख, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

लग्नामुंजींच्या हंगामात हे फोन नेमके चुकीच्या वेळी येतात. सकाळी अकरा ते दोन या वेळात मालक एखाद्या कार्यालयाच्या मुदपाकखान्यात उभा असतो, जिलेबीच्या कढईवर त्याचं लक्ष असतं. मग फोन कधी मुलगा घेतो, कधी वहिनी, कधी हिशेब बघणारा पोऱ्या, आणि तिघं तीन दर सांगतात. त्यामुळे काही केटरर फोनवर काय विचारायचं आणि कोणत्या क्रमानं, ते लिहूनच ठेवतात. पाठ करून म्हणायचं भाषण असं ते नसतं. रकाने आखलेला एक कागद असतो आणि फोन कोणीही घेतला तरी संभाषण त्याच वाटेनं जातं.

कागदावरचा पहिला रकाना तारखेचा. मुहूर्ताच्या दिवशी चार घरांना एकच केटरर हवा असतो, त्यामुळे तारीख मोकळी नसेल तर बाकी बोलणं व्यर्थ. दुसरा रकाना कार्याचा, आणि तो जपून भरावा लागतो. तारीख ऐकताच ‘अभिनंदन! लग्न का?’ म्हणावं आणि पलीकडून ‘नाही, तेराव्याचं जेवण आहे’ असं यावं, म्हणजे ती ऑर्डर तिथेच संपली. म्हणून ‘कार्य काय आहे?’ एवढंच विचारायचं, तेही सावकाश. तिसरा रकाना जागेचा. कार्यालय कोणतं हे कळल्याशिवाय दर सांगण्यात अर्थ नाही. काही कार्यालयांचा स्वतःचा केटरर ठरलेला असतो, काही बाहेरच्याला येऊ देतात पण त्याचे पैसे लावतात, आणि सोसायटीच्या गच्चीवर कार्य असेल तर भांडी, पाणी, गॅस सगळं वर चढवावं लागतं. पानांची संख्या चौथी. दर पाचवा.

हा क्रम पाळताना दर लपवतोय असं मात्र वाटता कामा नये. ‘आधी तुमची माहिती द्या, मग सांगतो’ हे वाक्य गिऱ्हाइकाला पोलीस चौकीची आठवण करून देतं. त्यापेक्षा आकड्यांची एक पट्टी सांगून मोकळं व्हावं. पुण्यात राहणाऱ्या एका काकूंच्या नातवाची वैशाखात मुंज आहे, असं समजा.

‘पान कितीला हो तुमच्याकडे?’

‘काकू, मेनूप्रमाणे तीनशे ते साडेचारशेमध्ये बसतं. तुमचं नेमकं सांगतो, त्याआधी तारीख बघू दे, मोकळी आहे का.’

आकडा मिळाल्यामुळे काकू थांबतात. तारीख मोकळी निघते. कार्य मुंजीचं, कार्यालय बाहेरचा केटरर चालणारं, पानं अडीचशे. आता या माणसाला मुंजीतलं कळतं की नाही हे दाखवणारा प्रश्न येतो.

‘मातृभोजन किती वाजता? बटूबरोबर आठ मुंजे बसवणार ना? त्यांची पानं आधी लावावी लागतील, म्हणजे स्वयंपाक तासभर लवकर सुरू करायला हवा.’

माझ्या मते सगळ्या संभाषणात हे वाक्य सर्वांत मोलाचं आहे. इथपर्यंत काकू भाव विचारत होत्या, आता त्या कार्याबद्दल बोलू लागतात. कार्यागणिक असा एकेक प्रश्न कागदावर लिहिलेला असावा. साठीशांतीला आलेल्या वडीलधाऱ्यांसाठी कमी तिखट भाजी वेगळी हवी का, वास्तुशांतीला नैवेद्याचं ताट कांदा-लसणाशिवाय वेगळं काढायचं का, डोहाळजेवणाला पंगत की बुफे. स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला हे सुचतं. पोऱ्याला सुचणार नाही, म्हणून तर लिहायचं.

मग दर, पण नुसता नाही, कशाकशाचा ते सांगून. ‘मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर, भजी, जिलेबी, मठ्ठा, असं पान तीनशे साठ. वाढपी आणि भांडी त्यात धरली आहेत. पाण्याच्या बाटल्या आणि जीएसटी वेगळे. सकाळचा उपमा, शिरा, चहा ऐंशी, आणि नाश्त्याला शंभरच लोक धरा, मुहूर्ताला सगळे येत नाहीत.’ म्हणजे जेवणाचे नव्वद हजार, नाश्त्याचे आठ हजार, मिळून अठ्ठ्याण्णव हजार. नाश्ता अडीचशेंचा घ्या असंही म्हणता आलं असतं. शंभर म्हटल्यानं बारा हजार सुटले, पण समोरच्याला केटरर आपल्या बाजूचा वाटला. वेगळं काय लागेल हे याच फोनवर सांगितलेलं बरं. बिलाच्या दिवशी निघालेल्या बाटल्यांच्या पैशांवरून होणारा वाद पाहुण्यांसमोर होतो.

एवढं झाल्यावर काकू म्हणणार, ‘घरी विचारून सांगते.’ बहुतेक फोन इथेच निसटतात, कारण केटररही ‘हो, सांगा’ म्हणून मोकळा होतो. लिहून ठेवायचं वाक्य इथे लागतं. ‘जरूर विचारा. घरात ठरवणार कोण, तुमचा मुलगा का? मग मेनू आणि दर त्यांच्या व्हॉट्सॲपवर आत्ताच पाठवतो. येत्या रविवारी आमचं जवळच एक कार्य आहे, तिथल्या यजमानांना विचारून ठेवतो, चव बघायला दोघं या. तारीख मी सोमवार संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवतो. तोवर दुसरं कोणी आलं, तर आधी तुम्हाला फोन करीन.’ इथे पुढची पायरी आहे, तिला दिवस आहे आणि खोटी घाई नाही. ‘आणखी तिघं मागतायत’ ही थाप मारू नये. नातेवाइकांत बोलणं होतं आणि ती उघडी पडते.

तारीख धरून ठेवणं म्हणजे ऑर्डर पक्की होणं नव्हे, इसार आल्यावरच ती पक्की. आपल्या उदाहरणात वीस हजार इसार, आणि त्याबरोबर एका ओळीचा लेखी निरोप: तारीख, कार्यालय, पानांचा दर, किमान सव्वादोनशे पानांचे पैसे, अंतिम आकडा आठ दिवस आधी. किमान पानांची गोष्ट फोनवर बोलायला केटरर बिचकतात, गिऱ्हाईक पळेल म्हणून. पळत नाही. उलट, वर किती पानं वाढली तर चालतील हे लगेच विचारतं. त्याचंही उत्तर तयार हवं: पंचवीसपर्यंत वाढली तर त्याच दरानं निभावू, त्यापुढे आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगा.

कागदाला मर्यादाही आहेत. चाळीस पानांची ऑर्डर परवडत नसेल तर दुसऱ्याचा नंबर द्यावा, ताणू नये. वाक्यं शब्दशः वाचली की पलीकडच्याला कॉल सेंटर ऐकू येतं, म्हणून क्रम पाळावा आणि शब्द आपले वापरावेत. आणि स्वयंपाकाच्या ऐन गर्दीत उचललेला फोन हा क्रम पाळूच शकत नाही. ‘पंगत चालू आहे, तीन वाजता मीच करतो’ म्हणून नाव, तारीख लिहून घ्यावी आणि तीनला खरंच करावा.

कागदाचा उपयोग होतोय की नाही, हे शेवटच्या रकान्यातून कळतं. फोन कुठे तुटला ते तिथे लिहायचं: तारीख नव्हती, कार्यालयाचा केटरर ठरलेला, दर ऐकून, मेनू पाठवल्यानंतर, चव बघून. दर ऐकून तुटणारे जास्त असतील तर आधी दर न पाहता वरचे चार रकाने भरले गेले होते का ते बघावं. मेनू पाठवल्यानंतर तुटत असतील तर सोमवारचा फोन कोणी केला होता, ते विचारावं. चव बघून जाणारे परत येत नसतील, तर फोनचा कागद बाजूला ठेवून आचाऱ्याशी बोलायला हवं.