परीक्षकाला पाठवायचं स्मरणपत्र

एखादा शोधनिबंध संशोधनाच्या नियतकालिकाकडे आला की संपादक आधी तो स्वतः चाळतो आणि दखल घेण्याजोगा वाटला तर त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे पाठवतो. हे परीक्षक, म्हणजे रिव्ह्यूअर, निबंध बारकाईने वाचून लेखी अभिप्राय देतात. मोजमापं विश्वासार्ह आहेत का, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावलाय का, आधीच्या कामाची दखल घेतली आहे का, हे त्यांनी सांगायचं असतं. बहुतेक ठिकाणी त्यांना याचे पैसे मिळत नाहीत आणि नावही छापलं जात नाही. त्यामुळे कबूल केलेली तारीख उलटून आठवडे गेले तरी अभिप्राय आला नाही, तर संपादकाकडे त्यांना भाग पाडण्याचा कोणताही अधिकार नसतो. तो पत्र लिहू शकतो, एवढंच. म्हणून ते पत्र विचार करून लिहावं लागतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घटनांचा क्रम मात्र कोणत्याही संपादकाच्या ओळखीचा आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातल्या भूजलावर एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने निबंध पाठवला आहे. एका तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी तिने तीन वर्षं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजली, आणि पावसाचं किती पाणी खडकात मुरतं याचा अंदाज त्यावरून बांधला. दोन परीक्षकांपैकी संख्याशास्त्र पाहणाऱ्यांचा अभिप्राय वेळेत आला. दुसरे ज्येष्ठ भूजलतज्ज्ञ. त्यांनी १४ जानेवारीला होकार दिला, २१ दिवसांची मुदत होती, म्हणजे ४ फेब्रुवारीला अभिप्राय यायला हवा होता. नियतकालिकाच्या ऑनलाइन प्रणालीने १, ११ आणि १८ फेब्रुवारीला आपोआप स्मरणपत्रं पाठवली. आज ११ मार्च. पाच आठवडे उलटले आहेत आणि तिकडून एक अक्षर नाही.

अशा वेळी संपादकाने प्रणालीतलं चौथं बटण दाबू नये, असं मला ठामपणे वाटतं. ही यांत्रिक पत्रं नियतकालिकाच्या सर्व्हरवरून जातात आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात. पोहोचली तरी त्यांचा मजकूर सगळ्यांना सारखाच असतो, त्यामुळे ती न वाचता पुसण्याची सवय प्राध्यापकांना लागलेली असते. पत्र स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या शब्दांत आणि फक्त त्या एकाच व्यक्तीला जायला हवं. त्याआधी आणखी एक काम उरकून घ्यावं: पर्यायी परीक्षक म्हणून एक-दोन नावं नक्की करून ठेवावीत. पुढे काय करायचं हे ठरलेलं असलं की पत्रात चिडचिड उतरत नाही आणि गयावयाही येत नाही.

भूजलाच्या क्षेत्रात अशी पत्रं बहुधा इंग्रजीतून जातात. इथे ते मराठीत मांडतो.

“आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. बेसॉल्टमधील भूजलभरणावरच्या निबंधाचं परीक्षण आपण स्वीकारलंत, याबद्दल मी आभारी आहे. आपला अभिप्राय ४ फेब्रुवारीपर्यंत अपेक्षित होता. आज ११ मार्च आहे आणि तो माझ्यापर्यंत आलेला नाही. आपण पाठवला असून मला मिळाला नसेल, तर कृपया या पत्राच्या उत्तरातच पुन्हा पाठवावा.

या निबंधाचा निर्णय आता आपल्या अभिप्रायासाठी थांबला आहे. पाणीपातळीतल्या चढउतारावरून भूजलभरणाचा जो अंदाज काढला आहे, तो या खडकात कितपत टिकतो, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचं आहे. सविस्तर टिपण शक्य नसेल तर एवढ्या मुद्द्यावर एक पानही पुरेल. २१ मार्चपर्यंत अभिप्राय देता येईल का, हे कृपया १४ मार्चपर्यंत एका ओळीत कळवावं.

इतर कामांमुळे आता हे जमणार नसेल तर तसं निःसंकोच सांगावं; मी ते समजू शकतो. अशा वेळी दुसरं एखादं योग्य नाव सुचवलंत तर मोठी मदत होईल. १४ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर आपल्याला सवड नाही असं समजून मी आपल्याकडची विनंती मागे घेईन आणि दुसऱ्या परीक्षकांना निबंध पाठवेन.

निबंध पुन्हा सोबत जोडला आहे.

आपला,
संपादक”

पत्रात उशिराबद्दल एकही विशेषण नाही. दोन तारखा शेजारी ठेवल्या की वाचणाऱ्याला हिशेब कळतो. ‘अक्षम्य विलंब’ असं लिहिलं तर माणूस निबंध वाचण्याऐवजी स्वतःचा बचाव लिहायला बसतो. ‘मिळाला नसेल तर’ हे वाक्यही केवळ शिष्टाचाराचं नाही. अभिप्राय भरला, पण शेवटचं ‘सबमिट’ दाबायचं राहिलं, असं खरोखर घडतं.

पुढच्या तारखाही दोन आहेत, आणि माझ्या मते पत्राचा सगळा भार त्यातल्या पहिलीवर आहे. अभिप्रायाला दहा दिवस दिले, पण उत्तराला तीनच. ‘शक्य तितक्या लवकर पाठवावा’ असं लिहिलं की माणूस मनातल्या मनात हो म्हणतो आणि पत्र बाजूला ठेवतो. एका ओळीचं उत्तर मागितलं तर ते तिथल्या तिथे देता येतं, आणि दिलं की माणूस स्वतःच्या शब्दाला बांधला जातो. नकाराची वाट उघडी ठेवण्याचं कारणही असंच व्यवहाराचं आहे. पाच आठवडे गप्प बसलेली व्यक्ती बहुधा आळशी नसते, संकोचलेली असते. मार्चमध्ये परीक्षा, उत्तरपत्रिका, प्रकल्पांचे अहवाल एकदम अंगावर येतात. ‘आता काय तोंडाने कळवू’ म्हणत आणखी एक आठवडा जातो. प्रकाशनातल्या नीतिनियमांसाठी १९९७ साली सुरू झालेली ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्थाही परीक्षकांकडून हीच अपेक्षा करते, की मुदतीत जमणार नसेल तर त्यांनी तसं वेळेवर कळवावं. कळवणं सोपं करून देणं संपादकाच्या हातात असतं.

पत्रात काय नाही, तेही पाहावं. लेखिकेचा उल्लेख नाही. पुष्कळ नियतकालिकांत परीक्षकाला लेखकाचं नाव कळू दिलं जात नाही, तेव्हा ‘बिचारीची पीएचडी अडली आहे’ असं लिहिणं हा सरळ नियमभंग होईल. आणि नाव उघड असतं तरी असं लिहू नये, कारण दयेपोटी दिलेला होकार परीक्षणाच्या कामाचा नाही. तिची अडचण मात्र खरी आहे. प्रबंध सादर करण्याआधी परीक्षित नियतकालिकात किमान एक निबंध प्रसिद्ध व्हावा, अशी अट यूजीसीच्या २०१६च्या नियमांत होती. २०२२च्या नियमांत ती सक्ती उरली नाही, पण पुढे नोकरीच्या अर्जात निबंध मोजले जातातच. दुसऱ्या परीक्षकाने काय लिहिलं, हेही पत्रात नाही. ते सांगितलं तर येणारा अभिप्राय स्वतंत्र राहत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. परीक्षक अनेकदा संपादकाचे गुरुजी असतात, किंवा उद्या निवड समितीवर बसणारे कुणी. मग पत्रात ‘आपल्या व्यग्र दिनक्रमातून’ वगैरे दोन परिच्छेद येतात आणि तारीख येतच नाही. आदर संबोधनात असावा, सुरात असावा. मुदत त्याच्यापायी सैल करू नये. उत्तर न मिळाल्यास फोन जरूर करावा, आपल्याकडे फोनने कामं होतात. पण फोनवर फक्त तारीख ठरवावी. ‘मी पाहिलाय, बरा आहे, छापून टाका’ असं सर म्हणाले, तर तो अभिप्राय नव्हे. त्याची नोंद राहत नाही, आणि लेखिकेला सुधारणा करायला त्यातून काही मिळत नाही.

स्मरणपत्राचा एक धोका तर ठरलेलाच आहे. त्याच रात्री दोन ओळी येतात: निबंध चांगला आहे, स्वीकारावा. असा अभिप्राय ओळखणं सोपं असतं. त्यात एकाही आकृतीचा, तक्त्याचा, विहिरीचा उल्लेख नसतो आणि तो कुठल्याही निबंधाला लागू पडला असता. म्हणूनच पत्रात नेमका प्रश्न विचारला होता. बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठतं, त्यामुळे खडकाच्या दर घनमीटरमागे किती पाणी मावतं हे जागोजागी बदलतं. तो आकडा एकच धरला तर पाणीपातळी बरोबर मोजूनही भूजलभरणाचा अंदाज चुकतो. यावर चार वाक्यं आली, तरी ती संपादकाच्या उपयोगाची असतात.

नीट परीक्षणाला महिनोन्‌महिने लागतात, हेही सरसकट खरं नाही. गणितात लागतात, कारण प्रत्येक सिद्धता पायरी-पायरीने तपासावी लागते. पण १९३६चं एक प्रसिद्ध उदाहरण पाहा. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असं मांडणारा निबंध आइनस्टाइन आणि रोझन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो ६ जुलैला हॉवर्ड रॉबर्टसन यांच्याकडे परीक्षणासाठी दिला आणि १७ जुलैला दहा पानांचा अभिप्राय परत आला. त्यात दाखवलेली चूक खरी होती. आइनस्टाइन रागावले आणि त्यांनी निबंध मागे घेतला, पण पुढच्या वर्षी दुसरीकडे प्रसिद्ध झालेल्या निबंधात निष्कर्ष बदललेला होता. मात्र टेट यांच्याकडे निबंध १ जूनलाच पोहोचला होता. म्हणजे परीक्षकाकडे जाण्याआधीचा महिनाभर तो संपादकाकडेच होता. स्मरणपत्र लिहायला बसलेल्या संपादकाने आपल्याकडच्या तारखाही तपासाव्यात. निबंध आल्यानंतर आपणच सहा आठवडे परीक्षक शोधत बसलो असू, तर पत्राचा सूर आपोआप मवाळ होतो.

आता १४ मार्च उलटून गेला आणि उत्तर आलं नाही, असं धरू. मग १५ तारखेला विनंती मागे घ्यायची, आधी लिहिलं होतं तसंच. इथे कच खाल्ली तर पुढचं प्रत्येक पत्र पोकळ ठरतं. सरांना दोन ओळी लिहायच्या: विनंती मागे घेतली आहे, काही लिहून झालं असेल तर या आठवड्यात जरूर पाठवावं. त्याच दिवशी नव्या परीक्षकांना निमंत्रण जातं. लेखिकेलाही कळवायचं, की एक अभिप्राय आला आहे, दुसऱ्यासाठी नवीन परीक्षकांना विचारलं आहे आणि आणखी साधारण महिना लागेल. हे न कळवणारे संपादक परीक्षकाच्या मौनावर रागावतात, याचं मला वाईट वाटतं.

सरांचा अभिप्राय एप्रिलमध्ये अचानक आला, तर निर्णय झाला नसेपर्यंत तो वापरावा. निर्णय झाला असला तरी वाचावा, आणि त्यात गंभीर दोष दाखवलेला असेल तर निबंध छापण्याआधी लेखिकेपुढे ठेवावा. शेवटी परीक्षकांच्या यादीत नोंद करायची असते. ‘वेळ नसल्याचं कळवलं’ आणि ‘उत्तर दिलं नाही’ या दोन नोंदी वेगळ्या लिहाव्यात. पहिली नोंद असलेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा विचारायला काहीच हरकत नसते.