फुफ्फुसातील गाठ आणि तीन तपास

कर्करोगाचा टप्पा निश्चित करण्यासाठी सीटी, पेट आणि एमआरआय असे तिन्ही तपास फर्मावले गेले, की एकाच शरीराचे चित्र वाढत्या खर्चाने तीनदा कशाला, अशी शंका घरच्या मंडळींस येते, आणि ती रास्तही आहे. म्हणून एक कल्पित रुग्ण घेऊ. वय ५८, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात ३ सेंटिमीटरची गाठ, आणि तीत कर्करोग असल्याचा निर्वाळा सुईने घेतलेल्या तुकड्यावरून मिळालेला.

सीटी क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराचे आडवे छेद दाखविते. त्या वेळी शिरेतून जे औषध देतात, ते कर्करोगाला रंगविते असा समज सार्वत्रिक असला तरी निराधार आहे. त्यातील आयोडीन क्ष-किरण शोषून घेते, आणि म्हणून जेथे रक्त अधिक तेथे चित्र उजळते, एवढाच त्याचा प्रताप. परंतु दोन फुफ्फुसांमधील दाटीत रक्तवाहिनी कोणती आणि लसिकाग्रंथी कोणती, हा निवाडा त्यावाचून दुष्कर होतो. आपल्या रुग्णात श्वासनलिकेलगत दोन ग्रंथी १२ मिलिमीटरच्या आढळतात. १० मिलिमीटरहून अधिक रुंदीची ग्रंथी संशयित मानण्याचा प्रघात आहे. तथापि आकार हा दुबळा साक्षीदार होय, कारण लहान ग्रंथीत कर्करोग असू शकतो आणि मोठी निव्वळ सुजलेली असू शकते.

येथे पेटचे काम सुरू होते. काही तास उपाशी ठेवलेल्या रुग्णास साखरेसारखे एक किरणोत्सारी द्रव्य टोचून सुमारे तासभर स्वस्थ बसवितात, आणि ज्या पेशी साखर अधिक ओढतात त्या चित्रात चमकतात. दोन्ही ग्रंथी चमकल्या, आणि रोग पुढच्या टप्प्याचा मानून शस्त्रक्रिया रद्द करण्याचा मोह उत्पन्न झाला. परंतु क्षयाच्या ग्रंथीही अशाच चमकतात, आणि आपल्या देशात क्षय दुर्मीळ नाही, हे विसरून चालत नाही. म्हणून दुर्बीण श्वासनलिकेत उतरवून, ध्वनिलहरींच्या मार्गदर्शनाने, त्या ग्रंथींत सुई घातली. क्षयाच्या खुणा सापडल्या, कर्करोगाच्या पेशी नाहीत.

रोग मेंदूत पोहोचला आहे का, हे पाहण्यात मात्र पेट लंगडे पडते, कारण निरोगी मेंदूच मुळी साखरेचा मोठा भोक्ता असल्याने त्याच्या झगमगाटात लहानशी गाठ लोपून जाते. तेथे एमआरआय हवा. त्यात क्ष-किरण नसून प्रबळ चुंबकक्षेत्र असते, आणि शिरेतून दिले जाते ते आयोडीन नव्हे, तर गॅडोलिनियम. निरोगी मेंदूच्या केशवाहिन्या ते बाहेर झिरपू देत नाहीत. कर्करोगाच्या गाठीभोवती तो बंदोबस्त ढासळलेला असतो, आणि म्हणून काही मिलिमीटरांची गाठही उजळ दिसते. या रुग्णाचा मेंदू स्वच्छ निघाला आणि शस्त्रक्रियेची तजवीज झाली.

सीटी वा एमआरआयसाठी शिरेतून औषध देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात, कारण आयोडीन व गॅडोलिनियम दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. पेटपूर्वी साखर मोजतात, कारण ती फार वाढलेली असली तर टोचलेले द्रव्य गाठीत पुरेसे शिरत नाही आणि असलेला रोगही फिका दिसतो.