महिन्याच्या बिलाआधीचा एक दिवस

पहाटे ५.४५

माझं ॲप दूध घालणाऱ्यांचं आहे. कोणाकडे किती रतीब, गाईचं की म्हशीचं, भाव काय, हे एकदा भरून ठेवलं की रोज फक्त खाडा आणि जादा दूध मांडायचं. बाकीच्या घरांची नोंद आपोआप होते आणि महिना संपला की प्रत्येक घराचं बिल तयार. या वेळी कऱ्हाडपासून कोल्हापूरपर्यंत ही माणसं किटल्या घेऊन फिरत असतात, म्हणून माझाही दिवस आत्ताच सुरू होतो.

आधी प्ले कन्सोलमध्ये कालपर्यंतचे क्रॅश पाहतो. रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांसमोर ॲप बंद पडू लागलं, तर गूगल ते प्ले स्टोअरमध्ये मागे टाकतं. एखाद्या विशिष्ट फोनवर हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेलं, तर त्या फोनवाल्यांना ॲपच्या पानावर इशाराही दिसू शकतो. म्हणून मी एकूण आकड्यापेक्षा फोनवार यादी जास्त बारकाईने वाचतो. गवळ्याच्या हातात दोन-तीन जीबी रॅमचा जुना फोन असतो आणि गडबड तिथेच आधी दिसते. आज यादी शांत आहे.

सकाळी ८

नाश्ता उरकून जाहिरातींचा पडदा उघडतो. आज एक निर्णय घ्यायचा आहे. जाहिरातीची पट्टी खाली आहे आणि तिच्या बरोब्बर वर ‘खाडा’चं बटण. थंडीत गारठलेलं किंवा दुधाने ओलं झालेलं बोट बटणावरून घसरतं आणि जाहिरात उघडते. वरवर पाहता यात माझा फायदा, कारण टिचकीचे पैसे मिळतात. पण ही टिचकी चुकून पडलेली असते. माणूस लगेच मागे फिरतो, जाहिरातदाराच्या हाती काही लागत नाही आणि ॲडमॉबला ते कळतं. महिन्याअखेरीस अंदाजी कमाई आणि अंतिम कमाई यांत फरक पडतो तो अशाच कापाकापीमुळे. प्रमाण वाढलं तर खातंच बंद होऊ शकतं. हे ओळखण्याची खूण म्हणजे टिचक्यांचं प्रमाण कुठल्याही मोहिमेशिवाय एकदम चढतं आणि ते नेमकं एकाच पडद्यावर चढतं.

म्हणून पट्टी नोंदीच्या पडद्यावरून काढली आणि घरांच्या यादीच्या पडद्यावर, बटणांपासून दूर, नेऊन ठेवली. पूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात तर मी ठेवतच नाही. माणूस दुसरं काही करत असताना अशी जाहिरात अचानक दाखवायला नियमांतच मनाई आहे, आणि मनाई नसती तरी अंधारात दारात उभ्या असलेल्या माणसापुढे मी ती टाकली नसती.

या पट्टीतून मिळतं किती, हेही मांडून पाहू. गवळी दिवसातून दोनदा ॲप उघडतो, दर वेळी दोन-तीन मिनिटं. पट्टी मिनिटाला बदलते. म्हणजे दिवसाला साधारण सहा पट्ट्या, महिन्याला १८०. समजा हजार पट्ट्यांना १० रुपये मिळाले, तर एका माणसामागे महिन्याला १ रुपया ८० पैसे, वर्षाला साडेएकवीस रुपये. शिवाय १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम खात्यात येत नाही. जमली की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या आसपास निघते.

सकाळी १०

म्हणूनच एकरकमी विक्री. पट्टी काढून टाकण्यासाठी गवळी पैसे देईल असं मला कधीच वाटलं नाही. त्याला हवं असतं बिल: घराचं नाव, तारीखवार दूध, खाडे वजा, खाली एकूण रक्कम, आणि थेट गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर जाणारी पीडीएफ. हे बिल २९९ रुपयांना, एकदाच. गूगलचा हिस्सा १५ टक्के, तो वजा जाता २५४ रुपये राहतात, कर वेगळा. एक विक्री म्हणजे त्याच माणसाच्या जवळपास बारा वर्षांच्या पट्ट्या. अर्थात सगळे घेत नाहीत. शंभरातल्या चौघांनी घेतलं तर साधारण हजार रुपये, आणि तेही एकदाच येतात; शंभर जणांच्या पट्ट्या मात्र दर वर्षी एकवीसशे देतात. त्यामुळे दोन्ही ठेवावं लागतं, आणि ज्याने बिल घेतलं त्याची पट्टी कायमची जाते.

या विक्रीचा सगळा भार महिन्याच्या दोन-चार दिवसांवर असतो. ३० तारखेच्या रात्री बिलं काढायची असतात तेव्हाच माणूस पैसे भरतो. त्या क्षणी पैसे अडकले की तो वही काढतो आणि पुन्हा फोनकडे वळत नाही. आजचं मोठं काम याचंच आहे.

अडकतात कुठे? ‘बिल घ्या’ दाबलं की गूगलची खिडकी येते. त्यात यूपीआय निवडलं की पिनसाठी दुसरं ॲप उघडतं. फोनमध्ये रॅम कमी असल्याने अँड्रॉइड तेवढ्यात माझं ॲप स्मृतीतून काढून टाकतं. पिन टाकून माणूस फोन खिशात घालतो. बँकेतून पैसे गेलेले असतात, पण ‘पैसे आले’ हा निरोप घ्यायला माझं ॲप जागेवर नसतं. कधी पैसे पोहोचायलाही काही मिनिटं लागतात. तोपर्यंत खरेदीची अवस्था `PENDING` असते आणि पोहोचल्यावर ती `PURCHASED` होते. तिथून पुढे तीन दिवसांच्या आत ॲपने गूगलला पोच द्यावी लागते. दिली नाही तर गूगल खरेदी रद्द करून पैसे परत पाठवतं. गिऱ्हाइकाने काही मागितलेलं नसतं, विकणाऱ्याने काही केलेलं नसतं, आणि विक्री नाहीशी होते.

उपाय असा, की निरोपाची वाट पाहत बसायचं नाही. ॲप दर वेळी समोर आलं की, म्हणजे `onResume` मध्ये, आपणच `queryPurchasesAsync` ने विचारायचं: या खात्यावर काही खरेदी आहे का? निरोपाने आलेलं असो वा विचारून मिळालेलं, उत्तर एकाच जागी येतं:

```kotlin
if (p.purchaseState == PurchaseState.PURCHASED) {
    unlockBill()
    if (!p.isAcknowledged) acknowledge(p)
}
```

बिल उघडणं आणि पोच देणं इथे मुद्दाम वेगवेगळं ठेवलं आहे. पोच देताना नेट गेलं तरी बिल उघडलेलं राहतं, आणि पोच पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर पुन्हा पाठवली जाते. माझ्याकडे सर्व्हर नाही. त्यामुळे पैसे भरून कोणी तीन दिवस ॲप उघडलंच नाही, तर ही पद्धत हरते. पण दूध रोज घालावं लागतं आणि ॲप दिवसातून दोनदा उघडतं, म्हणून इथे ती पुरते. वर्षातून एकदा उघडायच्या ॲपला मी ती सुचवणार नाही.

दुपारी २

जेवून चाचणीला बसलो. कन्सोलमध्ये माझं जीमेल खातं परवानाधारक परीक्षक म्हणून नोंदवलेलं आहे, त्यामुळे खरेदीच्या खिडकीत खोटी कार्डं दिसतात. त्यांतलं एक काही मिनिटांनी मंजूर होतं, एक काही मिनिटांनी नाकारलं जातं. उशिरा येणाऱ्या यूपीआयची तालीम करायला हीच दोन हवीत. परीक्षकांसाठी पोचेची मुदतही तीन दिवसांऐवजी तीन मिनिटं असते, म्हणून निकाल आजच कळतो.

जुना फोन घेतला. उशिरा मंजूर होणारं कार्ड निवडलं, ‘पैसे येत आहेत’ ही ओळ दिसली, आणि लगेच ॲप अलीकडच्या यादीतून सरकवून बंद केलं. चहा ठेवला. परत येऊन ॲप उघडलं तर बिल खुलं. पण एवढ्यावर समाधान मानायचं नसतं, कारण पोच गेली नसेल तरी या घडीला बिल खुलंच दिसेल. आणखी पाच मिनिटं थांबून कन्सोलमधली ऑर्डरची यादी पाहिली. परतावा नाही, म्हणजे पोच पोहोचली.

नाकारणाऱ्या कार्डाने एक गोष्ट उघड केली. बिल बंदच राहिलं, ते बरोबर होतं. पण ‘पैसे येत आहेत’ ही ओळ तशीच लटकत राहिली. गवळी ती वाचून रात्रभर वाट पाहील. खरेदी यादीतून नाहीशी झाली की तिथे ‘पैसे भरले गेले नाहीत, पुन्हा प्रयत्न करा’ असं यायला हवं. तो बदल केला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा चालवलं. तिसऱ्या फेरीत पोच जाण्याआधीच विमान मोड लावला. बिल उघडलं, पोच अडकली, नेट सुरू करून ॲप पुन्हा उघडल्यावर ती गेली.

दुपारी ४.३०

फोन वाजला. इस्लामपूरकडचे एक काका.

“दादा, पोराने नवीन मोबाइल घेऊन दिला. ॲप टाकलं तर बिलाला परत पैसे मागतंय.”

“काका, जुना मोबाइल आहे ना जवळ? आणि नव्यात जीमेल कोणतं टाकलंय?”

“ते दुकानवाल्यानं नवीन काढून दिलं बघा.”

हे नेहमीचंच आहे. खरेदी फोनला किंवा मोबाइल नंबरला बांधलेली नसते, ती त्या गूगल खात्याला बांधलेली असते. काकांना नव्या फोनमध्ये जुनं खातं जोडायला लावलं, प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे ते निवडायला सांगितलं, ॲप काढून त्या खात्यातून पुन्हा घालायला लावलं. बिल आलं. पासवर्ड आठवायलाच वीस मिनिटं गेली. आता बिलाच्या पडद्यावर ‘आधी घेतलं होतं?’ अशी ओळ घालतो आणि तिच्याखाली हीच पावलं लिहितो.

जाता जाता काका म्हणाले, महिन्याला थोडे थोडे घेतले असते तरी चाललं असतं. मला ते पटत नाही. नोंदी त्यांच्याच फोनमध्ये राहतात, त्या सांभाळायला मला दरमहा काही खर्च येत नाही, मग दरमहा पैसे कशाचे घ्यायचे? शिवाय आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार २४ तास आधी जाते. वापराची खात्री नसलेला माणूस ती पाहून आधीच दिलेली परवानगी काढून घेतो, आणि त्यात चूक काहीच नाही. उद्या मी नोंदींची प्रत सर्व्हरवर ठेवायला लागलो, फोन हरवला तरी वही परत मिळेल अशी सोय केली, तर मात्र खर्च दरमहा येईल आणि वर्गणीही रास्त ठरेल.

संध्याकाळी ६.३०

नवी आवृत्ती तपासणीला पाठवली. मंजुरी काही तासांत मिळते, कधी काही दिवस लागतात, म्हणून मी २८ ते ३ या तारखांत काहीच नवीन सोडत नाही. आज १७ तारीख आहे. मंजुरी आली की आधी दहा टक्के लोकांना, दोन दिवस शांत गेले तर निम्म्यांना, मग सगळ्यांना. मध्ये काही बिघडलं तर वितरण थांबवता येतं; पण ज्यांच्या फोनवर ती गेली, त्यांच्याकडून ती परत घेता येत नाही. त्यांच्यासाठी चढत्या क्रमांकाची दुरुस्त आवृत्तीच काढावी लागते. दहा टक्क्यांनी सुरुवात करायची ती याचसाठी.

रात्री ९

संध्याकाळचं दूध घालून झालं आहे. वहीत तपासायच्या दोन गोष्टी लिहून ठेवल्या. एक, नव्या आवृत्तीवर खरेदी झाल्यानंतर बरोब्बर तिसऱ्या दिवशी येणारे परतावे. माणूस सहसा लगेच पैसे परत मागतो, तिसऱ्या दिवशीचा परतावा म्हणजे पोच चुकली. दुसरी, यादीच्या पडद्यावर हलवलेल्या पट्टीच्या टिचक्यांचं प्रमाण. ते आधीपेक्षा घसरायला हवं, आणि अंतिम कमाईतली कपातही त्याबरोबर कमी व्हायला हवी. पहिल्याचं उत्तर महिन्याअखेरच्या विक्रीनंतर चार दिवसांत मिळेल, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात.