दुसऱ्या वडापावच्या दुकानाची पहिली पोस्ट

‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आपणा सर्व खवय्यांच्या प्रेमामुळे व थोरामोठ्यांच्या आशीर्वादाने आमच्या दुसऱ्या शाखेचा भव्य शुभारंभ...’ इन्स्टाग्रामवर एवढ्यात मजकूर तुटतो आणि पुढे ‘more’ दिसतं. दुकान कसलं, कुठे आणि उघडणार कधी, हे सगळं त्या ‘more’च्या पलीकडे राहतं.

हा मजकूर निमंत्रणपत्रिकेच्या घडणीचा आहे. पत्रिका हातात पडते, माणूस ती उघडतो, वरचं ‘श्री गणेशाय नमः’ बघून थेट खालचं कार्यालयाचं नाव वाचतो आणि फ्रिजला अडकवून ठेवतो. फोनवर असं होत नाही. इन्स्टाग्राम २,२०० अक्षरांची मुभा देतं हे खरं, पण न उघडता त्यातली साधारण पहिली सव्वाशेच दिसतात. त्यात देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘शुभारंभ’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसला तरी फोनच्या हिशेबात तो सात अक्षरं खातो. म्हणून प्रेम आणि आशीर्वाद खाली गेले तर बिघडत नाही. दुकान मात्र वरच राहिलं पाहिजे.

उदाहरणासाठी पुण्यातलं एक दुकान धरू. सदाशिव पेठेत वर्षानुवर्षं वडापाव विकणारे ‘अमुक वडेवाले’ आता कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ दुसरं दुकान टाकताहेत. नाव काल्पनिक, अडचणी खऱ्या. पहिलं दुकान आणि दुसरं दुकान यांच्या जाहिरातीत एक मोठा फरक असतो. पहिल्याच्या वेळी लोकांना तुम्ही माहीतच नसता. दुसऱ्याच्या वेळी माहीत असता, आणि तिथेच गोंधळ होतो. ‘आता कर्वे पुतळ्याजवळ’ एवढंच लिहिलं की पेठेतलं नेहमीचं गिऱ्हाईक वाचतं, ‘अरे, हलले वाटतं!’ ज्या शहरात ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी अभिमानाने लागते, तिथे दुसरी जागा म्हणजे स्थलांतर असा अर्थ पटकन निघतो. मग आठवडाभर जुन्या दुकानाचा फोन ‘बंद केलंत का हो?’ विचारायला वाजत राहतो. यावर उपाय म्हणजे पहिल्याच ओळीत एक ‘ही’ आणि एक छोटं वाक्य: ‘आता कर्वे पुतळ्याजवळही. जुनं दुकान तिथेच, तसंच सुरू.’

आता पहिल्या दिवसाची ऑफर. सगळ्यांना प्रथम सुचतं ते ‘एकावर एक फ्री’. लिहायला सोपं, वाचायला झकास. ते लिहिण्यापूर्वी कढईपाशी जाऊन उभं राहावं. समजा कढईत एका वेळी २५ वड्यांचा घाणा निघतो. वडे सोडणं, तळणं, झाऱ्याने काढणं आणि तेल पुन्हा तापू देणं यात सहा मिनिटं जातात. म्हणजे तासाला दहा घाणे, २५० वडे. दुपारी ४ ते ७ या तीन तासांत, कुणी दमलं नाही आणि गॅस संपला नाही तर, ७५० वडे. एकावर एक फुकट दिला की हे वडे ३७५ गिऱ्हाइकांतच संपले. घाई करून तेल तापायच्या आत दुसरा घाणा सोडला तर वडा तेल पितो, बेसनाचं आवरण मऊ पडतं, आणि नव्या दुकानाचा पहिला वडा खाणारा म्हणतो, ‘पेठेतली चव नाही आली.’ हे वाक्य एकदा फिरलं की पुसता पुसत नाही.

पैशांचं गणितही मांडू. वडापाव २० रुपयांचा, त्याला लागणारा माल १२ रुपयांचा असं धरलं तर एरवी हातात आठ रुपये राहतात. एकावर एक दिल्यावर २० घेऊन २४ रुपयांचा माल जातो. दर गिऱ्हाइकामागे चार रुपये खिशातून. तेवढी झळ उद्घाटनाच्या दिवशी कुणीही सोसेल. खरा तोटा रांगेत अर्धा तास उभं राहून घरी परतलेल्या माणसाचा असतो, आणि तो वहीत कुठेच लिहिला जात नाही.

त्यापेक्षा जी वस्तू कढईतून येत नाही ती फुकट द्यावी. वडापावासोबत कटिंग चहा. चहाचं पातेलं दुसऱ्या शेगडीवर, दुसऱ्या माणसाच्या हातात असतं, त्यामुळे वड्यांचा वेग अडत नाही. कटिंगला चार रुपये लागतात असं धरलं तर २० रुपयांत १६ गेले, चार उरले. ३०० कप दिले तर चहाचा एकूण खर्च १२०० रुपये. आणि चहा पिणारा माणूस दुकानासमोर दोन मिनिटं रेंगाळतो. नव्या दुकानासमोर माणसं उभी दिसणं यापरती जाहिरात नाही.

मात्र ३०० हा आकडा मजकुरात हवाच. ‘स्टॉक असेपर्यंत’ आणि कोपऱ्यात बारीक ‘अटी लागू’ हे जोडपं आपल्याकडे फार लाडकं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. माल मर्यादित असेल तर तसं जाहिरातीतच स्पष्ट सांगावं, फुकट वस्तूसाठी ग्राहकाला काय करावं लागणार हेही सांगावं, आणि खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत, त्याच अक्षरांत असावा, असं ती म्हणतात. वडापावच्या दुकानावर कुणी खटला भरायला जाणार नाही हे मान्य. पण रांगेतल्या ३०१व्या माणसाशी हुज्जत घालताना ‘पोस्टमध्ये लिहिलंय, दादा’ म्हणता येणं हाही मोठा आधार आहे. माणशी किती, पार्सलवर लागू की नाही, ऑफर किती वाजेपर्यंत, हे तिन्ही प्रश्न काउंटरवर हमखास येतात. त्यांची उत्तरं आधीच द्यावीत.

पत्ता हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे आणि त्यावर सर्वांत कमी विचार होतो. ‘कोथरूड, पुणे’ हा पत्ता नव्हे. कोथरूड कर्वे रस्त्यापासून पौड रस्त्यापर्यंत पसरलंय. सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि सोसायटीचं पूर्ण नाव परवान्याच्या अर्जावर शोभतात. वडापाव शोधत येणारा माणूस खुणेवर येतो. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळची मिसळ ‘मामलेदार मिसळ’ याच नावाने प्रसिद्ध झाली. खूण इतकी पक्की असली की तीच दुकानाचं नाव होऊन बसते.

खूण निवडताना लोकांच्या तोंडी असलेलं नाव घ्यावं, पाटीवरचं नाही. पुण्यात रिक्षावाल्याला ‘लोकमान्य टिळक चौक’ सांगून बघा, तो ‘म्हणजे अलका ना?’ असं विचारून खात्री करून घेईल. खूण टिकणारीही हवी. मोबाइलचं शोरूम किंवा एटीएम वर्षभरात गायब होतं. पुतळा, शाळा, देऊळ, बसथांबा सहसा जागचे हलत नाहीत. ‘जवळ’ आणि ‘समोर’ हे शब्द मात्र जपून वापरावेत. मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर ‘समोर’ म्हणजे वाहनचालकासाठी पुढच्या चौकातून वळसा. ‘डाव्या हाताला’ लिहिलं तर कुठून येताना डाव्या हाताला, हे आधी सांगावं लागतं. आणि दुचाकी कुठे लावायची ते एका ओळीत लिहिलंत तर पुणेकर तुम्हाला दुवा देईल.

नकाशावरच्या पिनचं वेगळंच. इन्स्टाग्रामच्या मजकुरात टाकलेली लिंक दाबून उघडत नाही. ती प्रोफाइलमध्ये ठेवावी लागते. गूगलवर नव्या दुकानाची नोंद करायची तर पडताळणी होते, बहुतेक वेळा जागेचा व्हिडिओ मागतात, त्यामुळे हे काम उद्घाटनाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नये. पिन पडली की स्वतः दुचाकीवर बसून तिच्यामागे जावं. इमारतीच्या मागच्या गल्लीत पडलेली पिन गिऱ्हाइकाला कुंपणाच्या भिंतीशी नेऊन सोडते.

वेळेचं गणित लहान आहे, पण चुकतं तिथेच. उद्घाटनाची वेळ आणि रोजची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी. सकाळी पूजा, अकराला पाहुण्यांच्या हस्ते फीत, आणि विक्री चारला, असं असेल तर लोकांना चारच सांगावं. फीत कापताना बघायला नातेवाईक येतातच. रोजची वेळ ‘सकाळी ८ ते रात्री १०’ अशी सरसकट लिहिली आणि दुपारी कढई बंद असली, तर तीन वाजता आलेल्या माणसाला सकाळचा गार वडा मिळतो. दोन पाळ्या असतील तर दोन लिहाव्यात. दुपारी बंद असण्याची पुण्यात कुणाला लाज वाटण्याचं कारण नाही. हीच वेळ गूगलवरही असावी. दोन ठिकाणी दोन वेळा दिसल्या की माणूस दोन्हींवर विश्वास ठेवत नाही.

आता मजकूर जोडून पाहू:

सदाशिव पेठेतले अमुक वडेवाले आता कर्वे पुतळ्याजवळही! जुनं दुकान तिथेच, तसंच सुरू.

रविवार, १४ जून. पहिला घाणा दुपारी ४ वाजता.

त्या दिवशी ४ ते ७ वडापावासोबत कटिंग चहा मोफत. पहिले ३०० कप, माणशी एक, पार्सलवर नाही.

कर्वे पुतळ्यावरून डहाणूकर कॉलनीकडे वळा. डाव्या हाताला, औषधाच्या दुकानाला लागून, पिवळी पाटी. दुचाकी शेजारच्या गल्लीत.

सोमवारपासून रोज सकाळी ८ ते ११.३० आणि संध्याकाळी ४ ते ९.३०. गुरुवारी बंद.

यात ‘भव्य’ नाही आणि ‘खवय्ये’ही नाहीत. ‘पहिला घाणा’ आहे, आणि मला वाटतं भूक लावायला तेवढं पुरे. ‘येत्या रविवारी’ किंवा ‘उद्या’ मुद्दाम टाळलंय. असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीच्या ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये जातो आणि मंगळवारी वाचणाऱ्याचा ‘उद्या’ बुधवार असतो. वार आणि तारीख दोन्ही असली की एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून लगेच कळते. दुकानाचं नाव ओळीतच घ्यायचं कारणही तेच. इन्स्टाग्रामवर ते खात्याच्या नावात दिसतं, पण कुणी मजकूर उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की नाव मागेच राहतं.

इन्स्टाग्रामचा मजकूर नंतर दुरुस्त करता येतो. चहाचे कप संपले की तिथे तसं लिहून टाकावं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर मात्र पाठवल्यापासून १५ मिनिटांतच बदलता येतो आणि पुढे गेलेल्या प्रती बदलतच नाहीत. म्हणून पाठवण्यापूर्वी हा मजकूर अशा एखाद्याला द्या, ज्याने नवं दुकान पाहिलेलं नाही. त्याला बसथांब्यावर सोडा आणि एवढ्यावरून दुकान शोधायला सांगा. त्याने वाटेत फोन केला, तर तो जे विचारेल ते मजकुरात घाला आणि मगच पाठवा.