तीन वर्षांपूर्वीची दिवाळी

फराळाचा धंदा करणारे आपला हिशेब इंग्रजी तारखांनी ठेवत नाहीत. ते दिवाळीला किती दिवस उरले, हे मोजतात. चकलीची भाजणी कधी दळायची, परदेशी जाणारी पार्सलं कधी बंद करायची, जादा बायका कामाला कधीपासून बोलवायच्या, हे सगळं लक्ष्मीपूजनापासून मागे मोजून ठरतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींचा हिशेब मात्र तारखांनी चालतो. ह्या दोन मोजण्यांमधलं अंतर कसं नडतं, ते पाहायचं तर २०२६ची दिवाळी अगदी योग्य उदाहरण आहे.

लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ साली १ नोव्हेंबरला, २०२५ साली २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ साली ते ८ नोव्हेंबरला आहे. म्हणजे १५ ऑक्टोबर ही एकच तारीख घेतली, तर २०२५मध्ये तेव्हा दिवाळी सहा दिवसांवर होती, २०२४मध्ये सतरा, २०२३मध्ये अठ्ठावीस आणि २०२६मध्ये ती चोवीस दिवसांवर असते. मॅनेजरचा पडदा "मागच्या वर्षीच्या याच काळाशी तुलना" असं सुचवतो, तेव्हा तो फराळाच्या ऐन गर्दीची तुलना अजून भाजणीही न दळलेल्या आठवड्याशी करत असतो. शिवाय २०२५ची दिवाळी ऑक्टोबरचा पगार हातात येण्याआधीच होऊन गेली. २०२३ आणि २०२६मध्ये पगार आधी, दिवाळी नंतर. माणूस फराळाची ऑर्डर कधी देतो, ह्यावर या गोष्टीचा मोठा परिणाम होतो.

म्हणून २०२६ला खरं जुळणारं वर्ष आहे २०२३. हा योगायोग नाही. २०२३मध्ये अधिक श्रावण आला, २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि मागे सरकत चाललेले सण पुन्हा पुढे ढकलतो. त्यामुळे आपल्या सणांच्या धंद्याला मागचं वर्ष पुष्कळदा निरुपयोगी असतं, आणि तीन वर्षांपूर्वीचं वर्ष कामाचं ठरतं.

आणि नेमक्या याच ठिकाणी अडचण आहे. मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी, जाहिरातींची आकडेवारी ३७ महिने दाखवते. तीन वर्षं आणि वर एक महिना. त्याआधीची तारीख अहवालात मागता येत नाही. ही मर्यादा वर्षअखेरीला एकदम लागू होत नाही. ती रोज एक दिवस पुढे सरकते. आज एक नवा दिवस आत आला की मागचा एक बाहेर पडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे उलगडून पाहू. समजा, ठाण्यातल्या एका गृहउद्योगाने २०२३मध्ये लक्ष्मीपूजनाच्या ३३ दिवस आधी, १० ऑक्टोबरला जाहिराती सुरू केल्या आणि शेवटपर्यंत चालवल्या. एकूण खर्च ६०,००० रुपये, ऑर्डरी ३००. म्हणजे एका ऑर्डरीमागे जाहिरातीचा खर्च २०० रुपये. आता २०२६चा हंगाम आटोपला. ६६,००० रुपये खर्च झाले, ऑर्डरी ३००च आल्या, म्हणजे ऑर्डरीमागे २२० रुपये. थोडं महाग पडलं, इतकंच.

पण हा हिशेब करायला मालकीणबाई बसल्या ३० नोव्हेंबरला, सगळी धावपळ संपल्यावर. त्या दिवशी ३७ महिने मागे मोजलं की ३० ऑक्टोबर २०२३ येतो. हंगामाचे पहिले वीस दिवस गेलेले, शेवटचे तेरा उरलेले. फराळाच्या जाहिरातीत पहिले दिवस ओळख करून देण्यात जातात. पैसे खर्च होतात, ऑर्डरी तुरळक येतात. शेवटच्या दिवसांत, आधी पाहून ठेवलेली माणसं भराभर ऑर्डरी देतात. समजा त्या वीस दिवसांत ३६,००० खर्चून १२० ऑर्डरी आल्या होत्या आणि शेवटच्या तेरा दिवसांत २४,००० खर्चून १८०. पडद्यावर आता फक्त हे शेवटचे तेरा दिवस दिसतात, आणि २०२३चा खर्च दिसतो ऑर्डरीमागे १३३ रुपये. बाईंना वाटतं, खर्च १३३वरून २२०वर गेला, जाहिरातींनी आपल्याला बुडवलं. खरं तर काही बिघडलेलंच नाही. उरलेली आकडेवारी खोटी नाही, पण हंगामाची फक्त चांगली बाजू तिच्यात उरली आहे. जुना डेटा नुसता कमी होत जात नाही, तो एका बाजूला झुकत जातो. मला ह्याची धास्ती वाटते ती म्हणूनच. सगळाच हंगाम गेला असता तर कोणी तुलना करायला बसलं नसतं.

तेव्हा आकडे उतरवून घ्यायचे ते हंगाम सुरू होण्याआधी. अॅड्स मॅनेजरमध्ये कॅम्पेनचा नव्हे, जाहिरातींचा टॅब उघडायचा, तारखा पूर्ण हंगामाच्या निवडायच्या, `Breakdown` मधून दिवसवार विभागणी करायची आणि तक्ता `Export` करायचा. स्तंभ थोडेच पण नेमके हवेत: कॅम्पेन, अॅड सेट आणि जाहिरात यांची नावं आणि आयडी, खर्च, जाहिरात किती वेळा दिसली, लिंकवर किती क्लिक झाले, खरेदी किती झाल्या आणि त्यांची रक्कम. `Results` हा स्तंभ पुरेसा धरू नका. त्यात ज्या कॅम्पेनचं जे उद्दिष्ट तेच मोजलेलं असतं. एका ओळीत खरेदी, तर दुसऱ्या ओळीत व्हॉट्सअॅपवर सुरू झालेली संभाषणं. तीन वर्षांनी त्यांची बेरीज केली की तिला काहीच अर्थ नसतो.

रीच, म्हणजे किती वेगवेगळ्या माणसांनी जाहिरात पाहिली, ह्या आकड्याला वेगळी वागणूक द्यावी लागते. सोमवारी दहा हजार लोकांनी पाहिली, मंगळवारी दहा हजारांनी, तर दोन दिवसांत वीस हजारांनी पाहिली असं होत नाही, कारण बरीचशी माणसं तीच असतात. दिवसवार फाइलमधून पूर्ण हंगामाची रीच कधीच काढता येत नाही. ती हंगामभराची एक वेगळी फाइल म्हणून, विभागणी न करता, घ्यावी लागते. आणि वयोगट किंवा राज्य यांप्रमाणे विभागलेली रीच हवी असेल तर मुदत आणखी आखूड आहे. जून २०२५पासून मेटा असे आकडे फक्त १३ महिने मागचे देते. २०२५चा हंगाम आपल्या मोजणीने १८ सप्टेंबरला सुरू झाला. म्हणजे त्याची वयोगटवार रीच १८ ऑक्टोबर २०२६पासून, नव्या हंगामाच्या ऐन मध्यावर, हातातून जायला लागते.

दुसरी नोंद हवी ती अॅट्रिब्यूशनची. जाहिरात पाहिल्यावर किती दिवसांत झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या नावावर जमा करायची, याचा हा नियम. सध्या बहुतेक खात्यांत क्लिकनंतर सात दिवस आणि नुसतं पाहिल्यावर एक दिवस असा तो असतो. २०२१च्या सुरुवातीपर्यंत क्लिकनंतर २८ दिवस धरले जात. नियम बदलला की ऑर्डरी बदललेल्या दिसतात, धंदा तसाच असतो. म्हणून प्रत्येक फाइलसोबत एक साधी टीप ठेवावी: फाइल कोणत्या दिवशी काढली, नियम कोणता होता, खात्याची वेळ आणि चलन कोणतं. ह्याच नियमामुळे हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी फाइल काढू नये. उशिरा आलेल्या खरेदी जुन्या तारखांखाली जमा होत राहतात. मी महिन्याची फाइल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेनंतर काढते.

फाइल उतरवल्यावरचा धोका एक्सेलमध्ये आहे, आणि तो मी स्वतः भोगला आहे. जाहिरातींचे आयडी सतरा-अठरा आकडी असतात आणि एक्सेल संख्येचे पंधराच आकडे जपतं. फाइल डबलक्लिक करून उघडली, तर आयडी `1.20E+17` असा दिसतो. ती तशीच सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे शून्य होतात. दोन वेगळ्या जाहिरातींचा आयडी एकच होऊन बसतो. माझी एका अख्ख्या वर्षाची फाइल अशी गेली, आणि ती चूक कळली तेव्हा मूळ आकडे मुदतीबाहेर होते. त्याच डबलक्लिकमध्ये "चकली – आजीची" यासारखी देवनागरी नावंही अगम्य चिन्हांत बदलू शकतात. उपाय सोपा आहे. एक्सेलमध्ये आधी कोरी वही उघडायची, `Data` मधून `From Text/CSV` ने फाइल आत घ्यायची, तिथे `65001: Unicode (UTF-8)` निवडायचं आणि आयडीचे स्तंभ मजकूर म्हणून ठरवायचे. उतरवलेली मूळ फाइल मात्र कधीही उघडून सेव्ह करायची नाही. ती एका फोल्डरमध्ये तशीच राहू द्यायची, आणि काम तिच्या प्रतीवर करायचं.

फाइल पूर्ण आहे की नाही, हे कसं ओळखायचं? दिवसवार खर्चाची बेरीज करून ती खात्याच्या त्याच काळाच्या एकूण खर्चाशी ताडून पाहायची. बेरीज कमी आली तर बहुधा डिलीट केलेल्या जाहिराती गाळल्या गेलेल्या असतात. फिल्टर बदलून त्या आत आणायच्या. कंपनीच्या बिलाशी ताडताना १८ टक्के जीएसटी वेगळा काढायला विसरू नये, अहवालातल्या खर्चात तो नसतो.

आकड्यांच्या फाइलमध्ये जाहिरात स्वतः नसते. कोणता फोटो होता, मजकूर काय होता, किलोचा भाव किती लिहिला होता, परदेशी पार्सलाची शेवटची तारीख कोणती दिली होती, हे वेगळं जपावं लागतं. मी प्रत्येक जाहिरातीचा स्क्रीनशॉट तिच्या आयडीच्या नावाने ठेवते. खातं एखाद्या एजन्सीच्या नावावर असेल, तर हे सगळं ३७ महिन्यांची वाट न पाहता, करार संपायच्या आधी घ्यावं लागतं. प्रवेश बंद झाला की मुदतीचा प्रश्नच उरत नाही.

बाकी ठिकाणच्या मुदती वेगळ्या आहेत. गूगल अॅड्सने नोव्हेंबर २०२४मध्ये आकडेवारीची मुदत अकरा वर्षं ठरवली, पण रीचची फक्त तीन वर्षं. वेबसाइटवरच्या भेटी मोजणाऱ्या जीए४मध्ये वापरकर्त्यांच्या पातळीवरची माहिती फुकट खात्यात जास्तीत जास्त १४ महिने राहते, आणि सेटिंग बदललं नसेल तर दोनच महिने. त्याच्या आधीचं युनिव्हर्सल अॅनालिटिक्स १ जुलै २०२३ला थांबलं, आणि १ जुलै २०२४पासून तिथला जुना डेटा मिळेनासा झाला.

शेवटी सगळ्या वर्षांच्या फाइली एका तक्त्यात एकाखाली एक लावल्या, की मी डावीकडे स्वतःचा एक स्तंभ घालते: "लक्ष्मीपूजनाला किती दिवस". लक्ष्मीपूजनाच्या तारखेतून त्या ओळीची तारीख वजा केली की तो भरतो. मग १० ऑक्टोबर २०२३ आणि ६ ऑक्टोबर २०२६ ह्या दोन्ही ओळींवर ३३ येतो, आणि दोन दिवाळ्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. आंब्याच्या पेट्या विकणाऱ्या एका बागायतदारासाठी मी तोच स्तंभ अक्षय्यतृतीयेपासून मोजला आहे.